लहान मुलांचे चावणे

खेळता खेळता एका मुलाने दुसऱ्याला कडकडून चावणे हे साधारण १ ते ३ वर्षे वयात सर्रास आढळते. या वयाचे मूल दुष्ट नसते, आणि त्याला ‘चावरा’ हे नाव चिकटवणे अन्यायाचे आहे.

दीड वर्षाच्या मुलाला समोरच्याचे बोलणे बरेच कळते, पण स्वतःचे शब्द मोजकेच असतात. राग मात्र क्षणात येतो, आणि तो आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पक्का व्हायला पुढे कित्येक वर्षे लागतात. त्यातच ते आता दुसऱ्या मुलांच्या जवळ जाऊ लागलेले असते. ‘माही गाडी’ म्हणता येण्याआधीच ती आपली वाटू लागते आणि दात पुढे होतात. दाढा येतानाही मुले चावतात, पण तेव्हा चादर, खेळण्याची कड, आईचा खांदा, काहीच सुटत नाही. ठरावीक प्रसंगीच आणि माणसालाच चावत असेल, तर कारण दाढांपलीकडचे असते.

ते शोधायला चाव्याआधीची पाच मिनिटे पाहावीत. समजा, नागपुरातले पाळणाघर, मे महिना. उन्हामुळे अंगण बंद, आठ मुले कूलरच्या एका खोलीत. १९ महिन्यांचा मुलगा आठवड्यात तीनदा चावला. ताईंनी दर वेळी वेळ, जागा आणि आधी काय घडले ते वहीत लिहिले. तिन्ही चावे साडेअकरा ते बाराच्या दरम्यानचे, म्हणजे वरण-भाताच्या आधीचे. तिन्ही कूलरसमोरच्या दाटीत, मागून कोणीतरी गाडी ओढल्यावर. म्हणून जेवण अर्धा तास अलीकडे घेतले, तशीच दुसरी गाडी आणली, आणि त्या वेळेला ताई हाताच्या अंतरावर बसू लागल्या. चावण्याआधी त्याचे अंग ताठ व्हायचे, तोंड उघडून तो पुढे झुकायचा. तेवढ्यात मध्ये तळहात घालून त्या म्हणायच्या, “नको म्हण.” हा शब्द तोंडी बसायला काही आठवडे जातात.

चावा घेतलाच, तर ज्याला चावा बसला त्या मुलाला आधी जवळ घ्यावे. जागा साबण-पाण्याने धुवून थंड ओले फडके ठेवावे. कातडी फाटून रक्त आले असेल तर डॉक्टरांना दाखवावे. मग चावणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसून एकच वाक्य: “चावायचं नाही, त्याला दुखतं.” लांबलचक रागावणे त्याला कळत नाही, उलट सगळ्यांचे लक्ष मिळते. ‘कसं दुखतं ते कळू दे’ म्हणून त्याला उलट चावणे तर मुळीच नको, कारण त्यातून मोठी माणसेही चावतात एवढेच ते शिकते.

वाक्ये येऊ लागली की चावणे बहुधा ओसरते. तीन वर्षांनंतरही ते वारंवार होत असेल, किंवा दोन वर्षांचे मूल ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून ऐकण्याची आणि बोलण्याची तपासणी करून घ्यावी. कमी ऐकू येणाऱ्या मुलाच्या कानावर “नको म्हण” पोचतच नसते.