विमान भरलंय, जागा सोडणार का? : गेटवर ‘हो’ म्हणण्याआधी वाचायचं माहितीपत्रक

आमच्याकडून तिकीट काढलेल्या सर्व प्रवाशांसाठी

तिकीट कन्फर्म आहे, वेळेवर पोहोचलात, तरी गेटवर घोषणा होते : “विमानात प्रवासी जास्त झाले आहेत. पुढच्या विमानाने जायला कोणी तयार असेल तर काउंटरवर यावं.” अशा वेळी बरेच जण गोंधळून पहिल्याच रकमेला मान डोलावतात. काही जण अजिबात जागचे हलत नाहीत आणि चांगला सौदा हातचा घालवतात. म्हणून हे पत्रक.

विमान कंपन्या जागांपेक्षा जास्त तिकिटं विकतात, कारण प्रत्येक उड्डाणाला काही प्रवासी येतच नाहीत. त्या मार्गावर, त्या वाराला, त्या वेळेला साधारण किती जण गळतात याचा हिशेब कंपनीकडे असतो. बहुतेक वेळा तो जमतो. कधी सगळेच हजर होतात, तर कधी मोठ्या विमानात बिघाड निघाल्याने ऐनवेळी लहान विमान लावलं जातं. मग काही जणांना मागे राहावं लागतं. बहुतेक देशांत हे बेकायदा नाही. मागे कोणाला ठेवायचं आणि त्याला काय द्यायचं, हे मात्र नियमांनी ठरतं.

याची चाहूल आधीही लागू शकते. वेब चेक-इन झालं, पण बोर्डिंग पासवर आसन क्रमांकाच्या जागी ‘गेटवर मिळेल’ असं आलं, किंवा ‘तारीख फुकट बदलून हवी आहे का’ असा मेसेज कंपनीकडून आला, तर विमान गच्च भरलेलं आहे असं समजा. काही कंपन्या चेक-इन करतानाच ॲपवर विचारतात : जागा सोडायला किती घ्याल? तिथे उगाच लहान आकडा टाकू नका. लिलावातली ती तुमची बोली असते.

आधी स्वेच्छेने, मग सक्तीने

आधी राजीखुशीने जागा सोडणारे शोधायचे आणि तेवढे मिळाले नाहीत तरच कोणाला सक्तीने थांबवायचं, हा क्रम भारत, युरोपीय संघ आणि अमेरिका या तिन्ही ठिकाणच्या नियमांत आहे. जागा सोडणाऱ्याला मोबदला द्यावा आणि कमीत कमी मोबदल्यात तयार होणाऱ्याला थांबवावं, ही कल्पना ज्युलियन सायमन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1968 मध्ये मांडली. विमान कंपन्यांनी ती मनावर घेतली नाही. दहा वर्षांनी अमेरिकेच्या नियामक मंडळाने ती नियमात आणली.

हात वर करणाऱ्या सगळ्यांनाच घेतात असं नाही. स्वस्तात तयार होणारा आधी, हे खरंच. पण गेटवरचा कर्मचारी आणखीही काही बघतो. चेक-इन केलेली बॅग नसलेला एकटा प्रवासी त्याला सर्वात सोयीचा. बॅग विमानाच्या पोटात गेली असेल तर ती शोधून उतरवण्यात वेळ जातो. जागा दोनच हव्या असतील तर पाच जणांचं कुटुंब कामाचं नसतं. पुढे दुसरं विमान पकडायचं असलेल्याची नवी जोडणी सहज मिळाली, तरच त्याला घेतात. आणि यादीत नाव लागलं म्हणजे काम झालं असंही नाही. शेवटच्या दहा मिनिटांत दोघे-तिघे आलेच नाहीत, तर “तुमची गरज नाही, चला बसा” असं सांगून तुम्हाला विमानात पाठवतात. त्यामुळे निर्णय होईपर्यंत गेट सोडू नका.

सक्तीने थांबवायची वेळ आली की कंपनी स्वतःचा प्राधान्यक्रम लावते. त्यात भाड्याचा वर्ग, चेक-इनची वेळ, सदस्यत्वाचा दर्जा वगैरे बघतात. एकटं प्रवास करणारं मूल किंवा अपंग प्रवासी यांना सहसा शेवटपर्यंत हात लावत नाहीत. सर्वात स्वस्त तिकिटावर, सर्वात उशिरा चेक-इन केलेला माणूस पहिला सापडतो.

तुमची तळाची रक्कम कोणती?

स्वेच्छेने जागा सोडलीत की सक्तीने थांबवलेल्याला कायद्याने मिळणारी भरपाई तुम्हाला मिळत नाही. तुम्हाला मिळतं ते फक्त तिथे ठरलेलं. म्हणून आपल्याला सक्तीने थांबवलं असतं तर किती मिळालं असतं, हा आकडा आधी काढा. तीच तुमची तळाची रक्कम.

भारतात डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या नियमानुसार, मूळ वेळेपासून तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानाची सोय केली तर भरपाई नाही. चोवीस तासांच्या आत सुटणारं विमान दिलं, तर एका बाजूचं मूळ भाडं आणि इंधन आकार यांच्या बेरजेच्या दुप्पट, कमाल 10,000 रुपये. त्याहून उशिराचं दिलं तर चौपट, कमाल 20,000 रुपये. पर्यायी विमान नकोच म्हणालात तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत, शिवाय तीच चौपट भरपाई. लक्षात घ्या, दुप्पट-चौपट ही मूळ भाडं आणि इंधन आकार यांची, तिकिटाच्या एकूण रकमेची नाही. तिकीट स्वस्त असेल तर हा आकडा फारच लहान निघतो आणि कंपनीने स्वेच्छेसाठी देऊ केलेलं व्हाउचर त्याहून बरं असू शकतं. स्वेच्छेने थांबणाऱ्याला काय द्यायचं हे नियमाने कंपनीवर सोडलं आहे.

युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघत असाल, कंपनी कुठलीही असो, तर रक्कम भाड्यावर नाही, अंतरावर ठरते : 1500 किलोमीटरपर्यंत 250 युरो, मधल्या अंतरांना 400 आणि संघाबाहेरच्या 3500 किलोमीटरहून लांबच्या प्रवासाला 600. पर्यायी विमानाने फारसा उशीर होत नसेल तर ती निम्मी करता येते. व्हाउचर द्यायचं असेल तर तुमची लेखी संमती लागते, म्हणून कागद वाचल्याशिवाय सही करू नका. स्वेच्छेने थांबलात तरी तिकिटाचा परतावा किंवा पर्यायी प्रवास हा हक्क शाबूत असतो. वाटाघाट त्याच्या वरच्या लाभाची असते.

एक उदाहरण, आकड्यांसह

सर्वात जास्त घासाघीस अमेरिकेत चालते, म्हणून उदाहरण तिथलं. समजा, देशांतर्गत विमान संध्याकाळी सहाचं, एका बाजूचं भाडं करांसह 240 डॉलर. दोन जागा कमी पडताहेत आणि पुढचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. तिथे देशांतर्गत प्रवासात सक्तीने थांबवल्यामुळे दोन तासांहून जास्त उशीर झाला, तर भाड्याच्या चौपट भरपाई असते, आणि 2025 पासून कंपनीला ती 2,150 डॉलरपर्यंत मर्यादित ठेवता येते. म्हणजे इथे 960 डॉलर, आणि ते रोख किंवा चेकने मागता येतात.

पहिली घोषणा होते 300 डॉलरच्या व्हाउचरची. कोणी उठत नाही. मग 500, मग 700. इथे बरेच जण धावतात. पण हे व्हाउचर त्याच कंपनीचं, बहुधा वर्षभरच चालणारं. तुम्ही महिन्याभरात परत जाणार असाल आणि वर्षभरात पुन्हा अमेरिकेला येणं नसेल, तर त्याची किंमत तुमच्यापुरती शून्य. अशा वेळी काउंटरवर शांतपणे सांगा : “मी तयार आहे, पण हजार डॉलर, आणि व्हाउचर नको. सकाळच्या विमानात कन्फर्म जागा, रात्रीचं हॉटेल, जाण्या-येण्याची गाडी आणि जेवण.” रोख द्यायला कर्मचारी नाही म्हणेल, पण काही कंपन्या प्रीपेड कार्ड देतात, ते विचारा. रक्कम त्याच्या अधिकाराबाहेर असेल तर सुपरवायझरला बोलावायला सांगा.

अधिकार किती ताणता येतो, याचा दाखला 2017 चा आहे. एप्रिलमध्ये शिकागोहून लुइव्हिलला निघालेल्या युनायटेडच्या विमानात चार कर्मचाऱ्यांसाठी जागा हव्या होत्या. 800 डॉलरपर्यंत जाऊनही कोणी उठेना, म्हणून आधीच बसलेल्या एका प्रवाशाला फरफटत बाहेर काढलं गेलं. जगभर नाचक्की झाल्यावर कंपनीने स्वेच्छेने जागा सोडणाऱ्याला देण्याची मर्यादा 10,000 डॉलर केली. एवढी रक्कम क्वचितच कोणाला मिळते, पण 700 हा शेवटचा आकडा नसतो हे यावरून कळावं.

मग ताणायचं किती? लवकर चेक-इन केलं असेल आणि भाडं चांगलं मोजलं असेल, तर सक्ती तुमच्यावर येण्याची शक्यता कमी. सौदा फिसकटला तर तुम्ही ठरल्या विमानाने जाल, बस्स, पैसे मात्र मिळणार नाहीत. उलट यादीत तुम्हीच सर्वात खाली असाल, तर फालतू बोलीला नाही म्हणण्यात तोटा नाही, कारण शेवटी तुम्हालाच थांबवलं तर कायद्याची भरपाई मिळते. अमेरिकेत ज्याच्यावर सक्ती होण्याची शक्यता आहे त्याला स्वेच्छेसाठी विचारताना तसं सांगणं, आणि सक्तीने थांबवल्यास किती मिळेल तेही सांगणं कंपनीवर बंधनकारक आहे. बेधडक विचारा. आणखी एक विचारा : नंतर उठणाऱ्याला जास्त दिलंत, तर मलाही तेवढंच देणार ना? बऱ्याच ठिकाणी देतात, पण आधी बोलून ठेवलेलं बरं.

पैशांहून महत्त्वाचं

पुढच्या विमानात ‘कन्फर्म’ जागा आहे की ‘स्टँडबाय’, हे पहिलं विचारायचं. स्टँडबाय म्हणजे तिथेही जागा उरली तरच. मोठी रक्कम घेऊन लोक दोन-दोन विमानं बघत बसतात ते यामुळे.

नवा मार्ग तिसऱ्या देशातून जात असेल तर ट्रान्झिट व्हिसा लागतो का, आणि परदेशात हॉटेल विमानतळाबाहेर असेल तर तिथे जायला व्हिसा आहे का, हे बघा. व्हिसा नसेल तर फुकटच्या हॉटेलचा उपयोग नाही, रात्र खुर्चीत काढावी लागेल. पुढचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर असेल, तर ते चुकल्याची जबाबदारी ही कंपनी घेणार नाही. अशा प्रवासात हात वर न केलेलाच बरा.

परतीचं तिकीट त्याच पीएनआरवर असेल तर विशेष जपा. गर्दीत कर्मचाऱ्याने नवा बोर्डिंग पास दिला, पण तिकीट नीट बदललं नाही, तर सिस्टीममध्ये तुम्ही ‘गैरहजर’ म्हणून नोंदले जाऊ शकता आणि परतीचा प्रवास आपोआप रद्द होऊ शकतो. गेटवर कोणाच्या लक्षातही येत नाही. कळतं ते दोन आठवड्यांनी, परत निघताना.

म्हणून ठरलेली रक्कम, व्हाउचरची मुदत, हॉटेल आणि नव्या विमानाचा क्रमांक हे सगळं लेखी घ्या. सक्तीने थांबवलं असेल तर कारण आणि भरपाईची रक्कमही लेखी मागा. जुना बोर्डिंग पास फेकू नका. गेट सोडण्याआधी आम्हाला फोन करा किंवा पीएनआरसह नव्या बोर्डिंग पासचा फोटो पाठवा. विमानतळावर बदललेलं तिकीट आम्हाला बदलता येत नाही, पण परतीची जागा जिवंत आहे की नाही हे पडद्यावर बघून सांगता येतं, आणि ती दुरुस्त करून घ्यायला समोर तोच कर्मचारी उभा असतो.