कार्यालयाला टोकन देण्याआधी: दरवाजे आणि विमा यांबद्दल लेखी काय विचारावं

स्टेज आणि सजावटीचं काम आमच्याकडे देणाऱ्या मंडळींना आम्ही पहिल्याच भेटीत विचारतो, की कार्यालयातून बाहेर पडायची दारं कुठं आहेत आणि किती रुंद आहेत. उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: "फायरचं सगळं आहे, मॅनेजरशी फोनवर बोललोय." तोवर तारीख धरलेली असते, टोकन गेलेलं असतं, कधी पत्रिकाही छापायला गेलेल्या असतात. मग मापं घ्यायला माणूस जातो तेव्हा कळतं, की ठरवलेला चाळीस फुटी बॅकड्रॉप एका आपत्कालीन दारावरच येतोय. डिझाइन नव्यानं काढायचं, फुलांचा हिशेब बदलायचा, आणि ज्या कोनातून फोटो हवे होते तो कोन सोडायचा. तीन-चार दिवस जातात ते इथं.

चूक विचारण्यात नसते, प्रश्नाच्या घडणीत असते. "फायर एनओसी आहे का?" या प्रश्नाला "हो" एवढंच उत्तर येतं आणि ते खोटं नसतंही. पण एनओसी इमारत बांधताना मिळालेली असते, तुमच्या कार्याच्या दिवशी मागचं दार उघडेल की नाही हे ती सांगत नाही. म्हणून प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर आकड्यात, तारखेत किंवा कागदाच्या प्रतीत द्यावं लागेल. आणि तो टोकनच्या आधी जायला हवा. टोकन दिल्यावर मॅनेजरला उत्तराची घाई नसते.

महाराष्ट्रात यासाठी एक सोपा कागद आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्याला सगळे "फॉर्म बी" म्हणतात. कार्य मे महिन्यात असेल तर त्या वर्षीच्या जानेवारीचा फॉर्म बी मागा. डिसेंबरात असेल तर जुलैचा. दीड वर्षापूर्वीची प्रत हातात आली, तर मधले दोन फॉर्म कुठं आहेत हे विचारायला संकोच करू नका. चांगल्या कार्यालयात ती फाइल टेबलावरच असते.

आता दारांचा हिशेब. हा एकदा नीट समजला की पुढचं सोपं जातं. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ च्या चौथ्या भागात बाहेर पडण्याच्या वाटेची क्षमता रुंदीवरून काढली आहे. सपाट वाटेला आणि दाराला माणशी ६.५ मिलिमीटर, जिन्याला माणशी १० मिलिमीटर. जिन्यावर माणूस हळू उतरतो, म्हणून त्याला जास्त रुंदी लागते.

एक नमुना घेऊ. हॉल पहिल्या मजल्यावर आहे, ऐंशी बाय पंचेचाळीस फुटांचा, आणि मॅनेजर सातशे माणसं सांगतो. मुख्य दार २ मीटर, दोन बाजूंची दारं प्रत्येकी १.२ मीटर. मुख्य दारातून साधारण ३०७ माणसांची सोय होते, बाजूच्या प्रत्येकातून १८४, मिळून ६७५. सातशेचा आकडा बहुधा अशाच हिशेबातून आलेला असतो, आणि तिन्ही दारं उघडी असतील तर तो फार चुकीचा वाटत नाही. आता स्टेजमागचं एक दार बॅकड्रॉपनं झाकलं की उरतात ४९१. दुसऱ्या बाजूच्या दारापाशी केटररने पाण्याच्या बाटल्यांचे खोके रचले की उरतात ३०७. एवढ्यावरही भागत नाही, कारण हॉल पहिल्या मजल्यावर आहे. खाली उतरायला दोन जिने आहेत, एक २ मीटरचा आणि एक दीड मीटरचा. त्यांतून २०० आणि १५०, म्हणजे तीनशे पन्नास. वर दारं कितीही असली तरी खाली जायची वाट साडेतीनशेचीच राहते.

हा हिशेब कार्यालयाला खोटं पाडायला नाही. मंजूर नकाशावर जी संख्या असेल ती अधिकृत, आणि मॅनेजरकडे तुम्ही तीच लेखी मागायची आहे. हिशेब यासाठी, की उत्तर आल्यावर ते पटण्यासारखं आहे का हे तुम्हाला कळावं. शिवाय सातशे म्हणजे दिवसभरात येऊन गेलेले सातशे नव्हेत. एका वेळी आत असलेले. पंगत सुरू असताना आणि अक्षतांच्या वेळी हॉलमध्ये किती माणसं असतात यात पुष्कळ फरक असतो, आणि गर्दीचा कळस अक्षतांनाच असतो.

रुंदी मोजताना एक गोष्ट हमखास निसटते. बऱ्याच जुन्या कार्यालयांत मुख्य दार दोन फळ्यांचं असतं आणि एक फळी वरच्या-खालच्या कड्यांनी कायम बंद असते. मग २ मीटरचं दार १ मीटरचं होतं. मोजायची ती उघडी वाट, चौकट नव्हे. दार बाहेरच्या बाजूला उघडायला हवं आणि आतून किल्लीशिवाय उघडायला हवं. किल्ली वॉचमनकडे आहे, तो खाली गेटवर आहे, असं उत्तर आलं तर ते दार हिशेबात धरू नका. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ जण गेले. तिथल्या बाल्कनीत वाढवलेल्या खुर्च्यांमुळे एका बाजूची वाट बंद झाली होती. सजावटीचा सोफा असो की शेवटच्या क्षणी मागवलेल्या पन्नास खुर्च्या, वाटेत ठेवल्या की परिणाम तोच.

विम्याचं बोलणं याच पत्रात घ्यावं, कारण तिथंही प्रश्नाची गल्लत होते. "विमा आहे का?" यालाही "हो" येतं. बहुधा तो इमारतीचा आगीचा विमा असतो आणि तो मालकाच्या भिंती, छत, फर्निचर भरून देतो. तुमच्या पाहुण्याचा पाय मोडला, कोणी भाजलं, तर त्यासाठी सार्वजनिक दायित्वाची म्हणजे पब्लिक लायबिलिटी पॉलिसी वेगळी लागते. तिच्यात दोन मर्यादा लिहिलेल्या असतात, एका अपघाताला किती आणि वर्षभरात मिळून किती. तुम्हाला पहिली महत्त्वाची, पण वर्षाची मर्यादा आधीच्या दाव्यांत संपलेली नाही ना हेही विचारा. नावात साम्य असल्यामुळे कधीकधी १९९१ च्या पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायद्याखालची पॉलिसी पुढे केली जाते. ती घातक पदार्थ हाताळणाऱ्या उद्योगांसाठी आहे. लग्नाच्या पाहुण्यांसाठी नाही.

मुदतीकडेही पाहा. जानेवारीत बुकिंग करताना दाखवलेली पॉलिसी एप्रिलमध्ये संपत असेल आणि कार्य मे महिन्यात असेल, तर नव्या पॉलिसीची प्रत कार्याच्या पंधरा दिवस आधी देऊ, अशी एक ओळ लिहून घ्या.

सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न वसुलीचा आहे. समजा आग लागली आणि मालकाच्या विमा कंपनीने मालकाला पैसे दिले. त्यानंतर मालकाचे हक्क कंपनीकडे जातात, आणि आग तुमच्या किंवा तुम्ही आणलेल्या कोणाच्या चुकीने लागली असेल तर कंपनी तुमच्याकडे वसुलीला येऊ शकते. म्हणून लेखी विचारायचं, की ही वसुली सोडून देण्याची तरतूद पॉलिसीत आहे का, किंवा त्या दिवसापुरतं आयोजकाचं नाव तिच्यात घालता येईल का. नकार आला तर स्वतः त्या दिवसाची पॉलिसी घ्यायची का, हे तेव्हाच ठरवता येतं. पावतीच्या मागे "व्यवस्थापन कोणत्याही नुकसानीस जबाबदार राहणार नाही" असं छापलेलं असतं, त्यावर जास्त विसंबू नका. ते तुमचं आणि कार्यालयाचं ठरलेलं आहे. जेवायला आलेल्या पाहुण्याने त्यावर सही केलेली नसते.

पत्र लांबलचक नको. ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर एवढं पुरे, आपल्या शब्दांत बदलून घ्या:

"महोदय, दि. ___ रोजी आपला पहिल्या मजल्यावरचा हॉल घेण्याचा विचार आहे. टोकन देण्याआधी पुढील माहिती लेखी मिळावी. मंजूर नकाशानुसार एका वेळी किती व्यक्तींना परवानगी आहे? बाहेर पडायची दारं आणि जिने किती, प्रत्येकाची उघडी रुंदी किती, आणि कार्यक्रमभर ती आतून किल्लीशिवाय उघडतील का? स्टेज, बुफे किंवा खुर्च्या कोणत्या दारासमोर लावता येणार नाहीत? ताज्या फॉर्म बीची प्रत द्यावी. पब्लिक लायबिलिटी पॉलिसीच्या पहिल्या पानाची प्रत द्यावी, ज्यावर हॉलचा पत्ता, मुदत आणि एका अपघाताची मर्यादा दिसेल. इमारतीच्या विमा कंपनीकडून आयोजकावर वसुली होऊ शकते का, हे कळवावं. गॅस सिलिंडर कुठे ठेवायचे आणि किती?"

शेवटचा प्रश्न केटररचा वाटतो, पण भट्टीची जागा बहुतेक वेळा मागच्या दारालगत असते, म्हणून तो तुमच्याच पत्रात हवा.

दोन गोष्टींबद्दल आमच्यावर थोडी नाराजी होते, त्या आधीच सांगतो. आपत्कालीन दारावर आम्ही पडदा, फुलांची भिंत किंवा फ्लेक्स लावत नाही, दार कुरूप असलं तरी. त्यावरची पाटी आणि दिवा झाकतही नाही. त्याऐवजी स्टेज बाजूला सरकवून दाराच्या पुढे कमान करतो, म्हणजे दार सजतं आणि वाटही राहते. आणि बंद हॉलमध्ये कोल्ड पायरो आमच्याकडून मिळत नाही. कापडाच्या छताखाली ठिणग्या नकोत, एवढं कारण पुरेसं आहे.

आमच्या अंदाजपत्रकावर आमच्या पब्लिक लायबिलिटी पॉलिसीची मुदत आणि मर्यादा छापलेली असते. आम्ही उभारलेला सांगाडा किंवा आमची वायरिंग यामुळे कोणाला इजा झाली तर तिच्या अटींनुसार दावा करता येतो. केटररचा सिलिंडर आणि तुम्ही स्वतंत्र आणलेला साउंडवाला त्यात येत नाही, त्यांच्या पॉलिसी त्यांच्याकडून मागाव्यात. मंडपाच्या कापडांवर ज्वालारोधक प्रक्रिया केल्याची पावतीही मागितल्यास दाखवतो.

मॅनेजरचं उत्तर आल्यावर ते जसंच्या तसं आम्हाला पाठवा, सोबत सगळ्या दारांचे आतून आणि बाहेरून काढलेले फोटो. त्यावरून आम्ही दारं दाखवणारा स्टेजचा आराखडा दोन दिवसांत देतो आणि एकदा मापं घ्यायला येण्याचे पैसे लावत नाही. उत्तराशिवाय आलेल्या मागणीला अंदाजे दर मिळतो, पण डिझाइन मिळत नाही. टोकनची शेवटची तारीख जवळ आली असेल आणि मॅनेजर अजून गप्प असेल, तर दारांचे फोटो आणि रुंदी एवढं तरी आधी पाठवा, बाकीचं पत्र मागून आलं तरी चालेल.