कॉलेज फेस्टसाठी स्पॉन्सर शोधताय? अर्ज कोणी करायचा, प्रपोजलमध्ये काय लिहायचं, कागद कुठले लागतात

दोन वर्षं आमच्या फेस्टचं स्पॉन्सरशिपचं काम बघितलं त्यावरून हे लिहितोय, कारण दरवर्षी नवीन टीम येते आणि तीच चूक परत होते, म्हणजे प्रपोजल छान रंगीत बनवतात पण त्यात समोरच्याला जे हवं असतं तेच नसतं.

आधी पात्रतेचं बघू. स्पॉन्सरशिप मागायचा अधिकार कॉलेजने नेमलेल्या कमिटीलाच असतो, मित्रांच्या ग्रुपला नाही. म्हणून सगळ्यात पहिला कागद म्हणजे कॉलेजच्या लेटरहेडवरचं परवानगीपत्र, त्यावर प्राचार्यांची सही, शिक्का, फेस्टच्या तारखा आणि कोणकोण विद्यार्थी पैशांबद्दल बोलू शकतात त्यांची नावं. हे पत्र नसेल तर दुकानदारसुद्धा आत घेत नाही आणि बरोबरच आहे त्याचं, पावती कोण देणार हे त्याला कळायला नको का? स्पॉन्सर कोण चालतो हेही तेव्हाच लिहून घ्या, दारू-तंबाखूवाले बऱ्याच कॉलेजला चालत नाहीत, काही ठिकाणी क्लासेसच्या जाहिरातीलाही हरकत असते. आधी होकार आणायचा आणि मग ऑफिसने नाही म्हणायचं, यात कॉलेजचंच नाव जातं.

आता खरा मुद्दा, प्रेक्षक किती येणार. इथे सगळे गडबड करतात. "10,000+ फुटफॉल" असं लिहून टाकतात आणि समोरचा विचारतो हा आकडा आला कुठून, की सगळे गप्प. त्याला दोन वेगळे आकडे हवे असतात, किती माणसं आली आणि किती वेळा गेटमधून आत गेली, कारण तीन दिवस येणारा एकच मुलगा गेटवर तीनदा मोजला जातो.

आमचंच सांगतो. तीन दिवसांत गेटवरच्या नोंदी झाल्या 1450, 1200 आणि 1950, बेरीज 4600. पण हातात बांधायचे बँड आम्ही माणशी एकच देत होतो, तिन्ही दिवस तोच चालायचा, आणि ते वाटले गेले 2400. म्हणजे खरी माणसं 2400, आणि एक माणूस सरासरी जवळपास दोन वेळा आला. त्यातले 1500 आपल्याच कॉलेजचे, 900 बाहेरचे. पुढच्या वर्षी प्रपोजलमध्ये आम्ही 2400 लिहिलं नाही, कारण त्याच आठवड्यात बाहेरच्या काही कॉलेजांच्या परीक्षा होत्या, म्हणून बाहेरचे 600 धरले आणि "अंदाजे 2100 जण" असं लिहून खाली एका ओळीत कारण दिलं. आकडा कमी झाला म्हणून टीममध्ये वाद झाला होता पण बोलणी उलट सोपी झाली, कारण मागच्या वर्षीचं गेट रजिस्टर सोबत होतं आणि विचारलं तर लगेच दाखवता येत होतं.

पहिलाच फेस्ट असेल आणि जुनी नोंद नसेल तर हॉलच्या खुर्च्यांपासून सुरू करा. 700 खुर्च्यांचा हॉल आणि दोन मोठे कार्यक्रम असतील तर हॉलमध्ये जास्तीत जास्त 1400 एन्ट्री होतील, त्याच्या वर जायचंच नाही. स्पर्धांची नावनोंदणी आधी उघडा, बाहेरच्या कॉलेजचा खरा आकडा तिथून कळतो. इन्स्टाग्रामचे फॉलोअर्स प्रेक्षकांत मिसळू नका, ते ऑनलाइन पोहोच म्हणून वेगळे लिहा. आणि कोण येणार तेही लिहा ना, वयोगट, शाखा, हॉस्टेलवर राहणारे किती, कारण एखाद्याला फक्त शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी हवे असतात आणि त्याच्यासाठी 2100 पेक्षा त्यातले 400 महत्त्वाचे.

मग स्पॉन्सरला काय मिळणार. इथे "भरपूर प्रसिद्धी" असं लिहिलं की अर्ज बाजूला जातो. मोजता येईल असं लिहा: बॅनर किती, केवढे, कुठे लागणार, स्टेजवरून नाव दिवसातून किती वेळा घेणार, स्टॉल किती बाय किती फुटांचा, लाइट पॉइंट आहे का, स्टॉल गेटजवळ की मागच्या कोपऱ्यात. स्टॉलची जागा नकाशावर खूण करून दाखवा, आमच्या अनुभवात लोगोपेक्षा स्टॉलवरच जास्त प्रश्न येतात कारण तिथे त्यांची माणसं मुलांशी थेट बोलतात. मुख्य प्रायोजक, सहप्रायोजक, एका स्पर्धेचा प्रायोजक एवढे तीन प्रकार पुरतात. एका क्षेत्रातला एकच स्पॉन्सर घेणार असाल तर तसं लेखी द्या आणि पाळा, शेजारी शेजारी दोन मोबाइलवाले बसले की दोघंही नाराज. पैशांऐवजी वस्तू देणारेही असतात, बक्षिसं, साउंड, छपाई वगैरे, तर तो पर्याय ठेवा पण वस्तू किती आणि कुठल्या तारखेपर्यंत पोहोचणार ते पत्रात आलं पाहिजे.

मुलांचे फोन नंबर आणि ईमेल मात्र फायदा म्हणून देऊ नका. ज्याला माहिती हवी तो स्टॉलवर स्वतः फॉर्म भरेल.

संपर्काची जागा एका ओळीची असते पण आमचं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच झालं. प्रपोजलवर एका मुलाचा नंबर होता, त्याची प्रॅक्टिकल चालू होती म्हणून फोन बंद, एका कंपनीने दोनदा फोन केला आणि नंतर आम्ही फोन केला तेव्हा त्यांनी ते पैसे दुसरीकडे दिले होते. तेव्हापासून कमिटीच्या नावाचा एकच ईमेल, जो तिघं रोज बघतात, दोन फोन नंबर, त्यापुढे कुठल्या वेळेत उचलणार ते, आणि प्रभारी शिक्षकांचं नाव ऑफिसच्या नंबरसकट. स्पॉन्सरला खात्री करायची असते तेव्हा तो ऑफिसलाच फोन लावतो, म्हणून ऑफिसमधल्या क्लार्कलाही फेस्टची माहिती देऊन ठेवा.

अर्जासोबत द्यायचे कागद फार नाहीत. परवानगीपत्र, दोन पानी प्रपोजल, कार्यक्रमपत्रिका, स्टॉलचा नकाशा आणि मागच्या वर्षीचे दोन-चार फोटो, ज्यात गर्दी आणि बॅनर एकत्र दिसतात असे. होकार आला की साधा करार करा, दोन पानी चालतो: रक्कम, हप्ते, काय काय देणार, कार्यक्रम रद्द झाला किंवा तारीख बदलली तर पैशांचं काय. पैसे कॉलेजच्या खात्यातच घ्यायचे, कोणाच्या पर्सनल खात्यात एक रुपयाही नाही, आणि कराचं काय ते अकाउंट्सला करार करायच्या आधी विचारा. लोगो मागताना छपाईची मूळ फाइल मागा, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो मोठ्या बॅनरवर फाटतो आणि तो बॅनर परत छापायला लागतो.

वेळेचं म्हणाल तर फेस्टच्या निदान अडीच-तीन महिने आधी पत्रं जायला हवीत. छोटा दुकानदार समोर बसून हो-नाही सांगतो पण मोठ्या कंपनीत कागद दोन-तीन टेबलांवरून फिरतो. पत्र दिल्यावर आठवड्याने एक फोन, आणि त्या फोनवर "बघितलं का" विचारण्यापेक्षा "स्टॉलची गेटजवळची एक जागा अजून आहे, तुमच्यासाठी शुक्रवारपर्यंत ठेवू का" असं विचारा, खरंच शिल्लक असेल तरच.

फेस्ट संपला की पंधरा दिवसांत प्रत्येक स्पॉन्सरला रिपोर्ट पाठवा: गेटचा खरा आकडा, त्यांच्या बॅनरचे आणि स्टॉलचे फोटो, पावती. 2100 सांगून 1900 आले असतील तर 1900 च लिहा. त्याची एक प्रत पुढच्या टीमच्या फाइलमध्ये ठेवा, गेट रजिस्टरसकट.