आदिग्रंथ आणि गुरू ग्रंथ साहिब: ग्रंथ एक की दोन?

इतिहासाच्या वहीत बहुतेक मुलं दोन ओळी एकाखाली एक लिहून ठेवतात. 'आदिग्रंथ, १६०४, गुरू अर्जनदेव.' त्याखाली 'गुरू ग्रंथ साहिब, १७०८, गुरू गोविंदसिंग.' सनावळ्या बरोबर आहेत. पण या दोन ओळी वाचून हमखास असं वाटतं की शिखांचे धर्मग्रंथ दोन आहेत, आधी पहिला आला आणि शंभर वर्षांनी दुसरा. तसं नाही. ग्रंथ एकच आहे. १६०४ साली त्याचं संकलन पुरं झालं आणि १७०८ साली त्याला गुरूचं स्थान मिळालं. या दोन घटनांमधला फरक कळला की गुरुद्वारात जे काही चालतं त्याचा अर्थ लागतो, म्हणून तो नीट बघू.

आधी १६०४. गुरू अर्जनदेव हे पाचवे गुरू. गुरू नानकांपासूनच्या रचना, म्हणजे 'बाणी', तोपर्यंत लोकांच्या तोंडी आणि काही हस्तलिखित पोथ्यांत होती. अडचण नाममुद्रेची होती. आपल्याकडे अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' आलं की तो तुकोबांचा, 'नामा म्हणे' आलं की नामदेवांचा. तोवरच्या शीख गुरूंनी मात्र सगळ्यांनीच 'नानक' ही एकच मुद्रा वापरली, कारण ज्योत एकच, देह तेवढे वेगळे, अशी त्यांची श्रद्धा. आता विचार करा, दुसऱ्या कुणी रचना करून शेवटी 'नानक' घातलं तर ओळखायचं कसं? हे खरोखरच घडत होतं. गुरू अर्जनदेवांचे थोरले बंधू पृथीचंद यांच्या गटातही 'नानक' मुद्रेच्या रचना होत होत्या. अशा रचनांना 'कच्ची बाणी' म्हणत. खरी बाणी वेगळी काढून पक्की करणं, हे संकलनामागचं एक मोठं कारण.

अमृतसरला रामसर तळ्याकाठी हे काम झालं. गुरू अर्जनदेव सांगत आणि भाई गुरदास लिहून घेत. ग्रंथ पुरा झाल्यावर हरिमंदिरात, म्हणजे आजच्या सुवर्णमंदिरात, ठेवला गेला आणि बाबा बुढ्ढा त्याचे पहिले ग्रंथी, म्हणजे ग्रंथ वाचणारे सेवक, झाले. त्या काळाची म्हणून मानली जाणारी प्रत आजही पंजाबात जालंधर जिल्ह्यातल्या कर्तारपूरला आहे. (पाकिस्तानातलं कर्तारपूर साहिब वेगळं. तिथे गुरू नानकांचा देहान्त झाला.)

मुद्रेचा प्रश्न त्यांनी दोन युक्त्यांनी सोडवला. पहिली म्हणजे प्रत्येक रचनेच्या डोक्यावर 'महला १', 'महला ५' असा आकडा दिला. त्यावरून ती कितव्या गुरूची हे कळतं. दुसरी युक्ती मला जास्त आवडते. ती समजण्यासाठी आपल्या ओळखीचंच एक पद घेऊ, कारण या ग्रंथात गुरूंच्या बाणीबरोबर कबीर, रविदास, शेख फरीद अशा पंधरा भक्तांची पदंही आहेत आणि त्यांत आपले नामदेव आहेत. त्यांची साठच्या आसपास पदं इथे आहेत. त्यांतलं हे राग आसामधलं, पान ४८५:

मनु मेरो गजु जिहबा मेरी काती ॥
मपि मपि काटउ जम की फासी ॥१॥
कहा करउ जाती कह करउ पाती ॥
राम को नामु जपउ दिन राती ॥१॥ रहाउ ॥

मन माझा गज, जीभ माझी कात्री. मापून मापून यमाचा फास कापतो. जातपात घेऊन मी काय करू? शिंप्याच्या घरातला माणूस आपली हत्यारं घेऊनच देवापुढे बसलेला आहे. पुढे सोन्याची सुई आणि रुप्याचा दोरा येतो, नाम्याचं चित्त हरीशी जडल्याचं तो सांगतो आणि पद संपतं. शेवटी आकडे आहेत: ॥४॥३॥. म्हणजे या पदात चार कडवी आणि इथल्या नामदेवांच्या पदांत हे तिसरं. पूर्ण ग्रंथात अशी मोजणी चालते. मध्येच कुणी एखादं कडवं घुसवलं किंवा एखादं पद गाळलं, तर पुढचा आकडा जुळत नाही आणि चोरी उघडी पडते. 'रहाउ' म्हणजे थांबा. ती पदाची ध्रुवपदाची ओळ, गाताना तिच्याकडे परत परत यायचं. पदं रागांनुसार लावली आहेत, कारण ती मुळात गायची आहेत.

आता दुसरी ओळ. १६०४ नंतर ग्रंथात एक मोठी भर पडली. नववे गुरू तेगबहादूर यांची ५९ पदं आणि ५७ श्लोक आले. त्यांचे पुत्र, दहावे गुरू गोविंदसिंग यांनी पंजाबातल्या दमदमा साहिबला भाई मणीसिंगांकडून ही पुरी प्रत लिहून घेतली, असं परंपरा सांगते. रागांची संख्या ३० ची ३१ झाली, कारण जैजावंती रागात फक्त गुरू तेगबहादूरांचीच पदं आहेत. गुरू गोविंदसिंगांनी स्वतःच्या रचना मात्र यात घातल्या नाहीत. सहाव्या ते आठव्या गुरूंच्या रचनाही यात नाहीत. म्हणून ग्रंथात महला १ ते ५ आणि एकदम महला ९ दिसतो, महला १० नाही.

मग ऑक्टोबर १७०८. जागा आपली नांदेड, गोदावरीचा काठ. गुरू गोविंदसिंगांचा अंतकाळ जवळ आला होता. आपल्यामागे देहधारी गुरू नाही, यापुढे ग्रंथच गुरू, असं त्यांनी सांगितलं. ग्रंथापुढे पाच पैसे आणि नारळ ठेवून त्यांनी मस्तक टेकलं, असं परंपरा सांगते. गुरुपद देण्याची शिखांमधली रीत हीच होती. त्या दिवशी ग्रंथात एकही शब्द वाढला नाही. बदललं ते नातं.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. १७०८ च्या आधी हा ग्रंथ नुसतं पुस्तक होता, असं मुळीच नाही. गुरू अर्जनदेवांनी तो उंच आसनावर ठेवला आणि स्वतः खाली बसले, अशी आठवण शीख सांगतात. आजही पूर्ण नाव घेताना 'आदि श्री गुरू ग्रंथ साहिब' म्हणतात. तेव्हा 'आदिग्रंथ' म्हटलं की संकलन डोळ्यांपुढे आणा आणि 'गुरू ग्रंथ साहिब' म्हटलं की गुरुपद.

नांदेडला गेलात तर आणखी एक ग्रंथ दिसेल, दशम ग्रंथ. तो खरोखर वेगळा आहे. त्यात गुरू गोविंदसिंगांच्या नावावरच्या रचना आहेत. नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वारात आणि पाटण्याला तो मांडलेला असतो, पण गुरूचं स्थान त्याला नाही.

गुरुपदाचा अर्थ शब्दांतच दिसतो. गुरुद्वारात ग्रंथाच्या पानाला पान म्हणत नाहीत, 'अंग' म्हणतात. प्रतीला 'सरूप' म्हणतात. पहाटे ग्रंथ उघडतात, त्याला 'प्रकाश' म्हणायचं आणि रात्री मिटून शयनाला नेतात ते 'सुखासन'. वर छत, खाली मंजी म्हणजे छोटी खाट, अंगावर रुमाला, बाजूला उभं राहून कुणीतरी चवरी ढाळत असतं. राजाला किंवा गुरूला जसं वागवावं तसं.

आणि गुरू म्हटला की तो बोलणार. प्रकाश झाल्यावर ग्रंथ सहज उघडेल तिथे उघडतात आणि डाव्या अंगावरचा सगळ्यात वरचा शबद, म्हणजे पद, वाचतात. तो मागच्या अंगावर सुरू झाला असेल तर अंग उलटून सुरुवातीपासून घेतात, अर्ध्यातून वाचत नाहीत. याला 'हुकमनामा' किंवा 'वाक' म्हणतात. उद्या समजा नामदेवांचं ते गज-कात्रीचं पद वर आलं, तर तिथे जमलेल्या संगतीसाठी त्या दिवशी गुरूची आज्ञा तीच. शिंप्याचं पद आहे, गुरूचं नाही, असा भेद कुणी करत नाही.

म्हणूनच मोठ्याने वाचण्याला इतकं महत्त्व. ग्रंथ नुसता पुजण्यासाठी ठेवलेला नाही, ऐकण्यासाठी आहे. सलग वाचनाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतही गल्लत होते. 'सहज पाठ' म्हणजे आपल्या वेळेनुसार, रोज थोडं थोडं, महिना-दोन महिने किंवा जास्तही. 'अखंड पाठ' म्हणजे न थांबता, साधारण ४८ तासांत. हिशोब करून बघा. १४३० अंगं आणि २८८० मिनिटं, म्हणजे एका अंगाला जेमतेम दोन मिनिटं. एका अंगावर बहुधा १९ ओळी असतात. घड्याळ लावून तुमच्या पाठ्यपुस्तकाच्या १९ ओळी दोन मिनिटांत मोठ्याने वाचा आणि तसंच दोन तास चालू ठेवा, म्हणजे पाठींच्या, वाचन करणाऱ्यांच्या, मेहनतीची कल्पना येईल. म्हणून पाठी पाळीपाळीने बसतात. पुढचा पाठी शेजारी येऊन बसतो, चालू ओळ आधीच्याबरोबर म्हणू लागतो, दोन आवाज क्षणभर एक होतात आणि मग पहिला उठतो. धार तुटत नाही.

चुकतं ते वेगामुळे. शब्द एकमेकांत मिसळतात आणि ऐकणाऱ्याला काही कळत नाही. शिखांची आचारसंहिता, रहत मर्यादा, स्पष्ट सांगते की वाचन शुद्ध आणि ऐकणाऱ्याला कळेल असं हवं. मला तर वाटतं, ऐकायला कुणी बसलंच नसेल तर घाईचा अखंड पाठ करण्यापेक्षा सहज पाठ बरा.

दुसरी चूक आपल्यासारख्या देवनागरी वाचणाऱ्यांची. वरच्या पदात 'मनु', 'गजु', 'नामु' लिहिलंय. मराठीच्या सवयीने आपण 'मनू', 'गजू' वाचतो. पाठी मात्र 'मन', 'गज', 'नाम' असंच म्हणतात. शेवटचा उकार तिथे व्याकरणाची खूण आहे, नाम एकवचनी पुल्लिंगी असल्याची, उच्चाराची नाही. जुन्या हस्तलिखितांत तर शब्दांमध्ये मोकळी जागाच नसायची, पूर्ण ओळ सलग जोडलेली. शब्द कुठे तोडायचा हे वाचणाऱ्याला आधी कुणाकडून तरी ऐकूनच शिकावं लागे.

४८ तासांनी शेवटचं अंग येतं. 'भोग' पडतो, म्हणजे पाठाची समाप्ती होते, अरदास ही प्रार्थना होते, सगळे उभे राहतात. मग ग्रंथ पुन्हा उघडतात, सहज उघडेल तिथे, आणि वरचा शबद वाचतात. आत्ताच पूर्ण ग्रंथ वाचून झालेला असतो, तरी गुरूचं आजचं वाक घेतल्याशिवाय संगत उठत नाही.