ब्लर-ओअॅसिसची टक्कर: तारीख कुणी हलवली?

“ब्लर आणि ओअॅसिस या दोन ब्रिटिश बँडची गाणी एकाच दिवशी आली, हा योगायोगच ना?”

नाही. ओअॅसिसच्या ‘रोल विथ इट’ची तारीख ठरल्यावर ब्लरच्या गोटाने ‘कंट्री हाउस’ मुद्दाम त्याच दिवशी, 14 ऑगस्ट 1995 ला आणलं. मग वृत्तपत्रांनी ओअॅसिस विरुद्ध ब्लर म्हणजे उत्तर विरुद्ध दक्षिण इंग्लंड, कामगार विरुद्ध मध्यमवर्ग असा रंग भरला. पहिल्या आठवड्यात ब्लरने सुमारे 2,74,000 प्रती विकल्या, ओअॅसिसने 2,16,000. पण ब्लरचं गाणं वेगवेगळ्या जोडगाण्यांसह दोन सीडींवर होतं. चाहते दोन्ही घेत. त्यामुळे हा आकडा म्हणजे श्रोत्यांचा निखळ कौल नव्हे. गिटार पॉप मात्र थेट संध्याकाळच्या टीव्ही बातम्यांत पोहोचला. अल्बमच्या विक्रीत पुढे ओअॅसिसनेच बाजी मारली.