लघु प्लस कोड

लघु प्लस कोड : ठिकाणाचे अक्षांश-रेखांश अक्षरांकांत बांधणाऱ्या प्लस कोडचे आखूड रूप. पूर्ण कोडची पहिली चार चिन्हे गाळून उरलेल्या भागापुढे जवळच्या मोठ्या गावाचे नाव लिहितात.

गूगलच्या झुरिक येथील अभियंत्यांनी ही पद्धत २०१४ च्या अखेरीस खुली केली. तिचे नाते २००८ मधील जिओहॅश या स्थान-कोडशी जोडले जाते. मात्र अक्षांश व रेखांशाची चिन्हे जोडीजोडीने लिहिण्याची रीत हौशी रेडिओचालकांच्या १९८० मधील मेडनहेड पद्धतीत आधीच होती, आणि रचना पाहता ते नाते अधिक जवळचे वाटते. चिन्हे वीसच असून त्यांत स्वर नाहीत, त्यामुळे चुकून शब्द तयार होत नाहीत. ० आणि १ हे अंकही नाहीत.

धाराशिव जिल्ह्यातील कळंबच्या पूर्वेस 18.6423, 76.2157 हा बिंदू घेतला, तर पूर्ण कोड `7JCRJ6R8+W7` व लघु कोड `J6R8+W7 कळंब` असा येतो. त्याचा चौकोन सुमारे १४ मीटर उंच व १३ मीटर रुंद असतो. शेतातल्या आखाड्यावरचे घर सापडायला एवढे पुरते. गट नंबरावरून तर फक्त शेत कळते. फोनवर सांगताना अंशांत गोंधळ होतो : हाच अक्षांश अंश-कला-विकलांत १८° ३८′ ३२″ आहे, आणि तो कोणी 18.3832 असा टाकला, तर माणूस सुमारे २९ किलोमीटर दक्षिणेला जातो. कोडमध्ये ही चूक संभवत नाही, पण ‘जे’च्या जागी ‘जी’ ऐकले तर ११ किलोमीटरांचा फरक पडतो. चूक ओळखणारे तपासणी-चिन्ह दोन्हींत नाही.

लघु कोडची खरी मेख गावाच्या नावात आहे. यंत्र त्या गावाला सर्वांत जवळचा जुळणारा चौकोन निवडते. गाव अर्ध्या अंशाच्या, म्हणजे साधारण पन्नास किलोमीटरांच्या आत असले की उत्तर बदलत नाही. म्हणून १९९३ च्या भूकंपानंतर दुसऱ्या जागी वसलेल्या गावांचे नाव नकाशात जुन्या गावठाणावर असले, तरी कोड बिघडत नाही. पण कळंब यवतमाळ जिल्ह्यातही आहे. ते धरले तर तोच लघु कोड `7JGWJ6R8+W7` होतो, सुमारे तीनशे किलोमीटर दूर. अशा नावापुढे जिल्हा लिहावा, नाहीतर पूर्ण कोड द्यावा.

तांडे, वस्त्या व आखाडे यांना घरक्रमांक नसतो, तेथे कोडचा उपयोग अधिक. कोड जागेवर उभे राहूनच घ्यावा. तालुक्याच्या बाजारात बसून घेतला तर बाजाराचाच येतो. तो वाट मात्र सांगत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीची पांदण बंद झाली की शेवटचा टप्पा फोन करूनच विचारावा लागतो.