रज्जू पोरुत्तम

तमिळ पद्धतीने पत्रिका जुळवताना वधू-वरांची दहा पोरुत्तमे (जुळण्या) पाहतात. त्यांतली रज्जू ही एक. कन्नड आणि तेलुगू पंचांगांत हिलाच रज्जू कूट म्हणतात. रज्जू म्हणजे दोर. इथे तो हळदीने रंगवलेला तालीचा दोरा, म्हणजेच सौभाग्याचे सूत्र समजला जातो. त्यामुळे दहापैकी आठ पोरुत्तमे जमली आणि रज्जू जमली नाही, तर अनेक घरांत बोलणी तिथेच थांबतात. महाराष्ट्रातल्या छत्तीस गुणांसारखी बेरीज इथे कामाला येत नाही. दिन, गण, योनी यांतली उणीव दुसऱ्या पोरुत्तमाने भरून निघते असे मानतात. रज्जूचा संबंध थेट पती-पत्नीच्या आयुष्याशी लावलेला असल्याने तिला अशी भरपाई नाही.

मांडणी अगदी सोपी आहे. अश्विनीपासून नक्षत्रे मोजत शरीरावर पायाकडून डोक्याकडे चढायचे: अश्विनी पाय, भरणी मांडी, कृत्तिका नाभी, रोहिणी कंठ, मृग शिर. तिथून उतरायचे: आर्द्रा कंठ, पुनर्वसू नाभी, पुष्य मांडी, आश्लेषा पाय. नऊ नक्षत्रांत एक फेरा पुरा होतो. मघापासून दुसरा फेरा सुरू होतो, मूळपासून तिसरा. पाद, ऊरू (मांडी), नाभी आणि कंठ या गटांत प्रत्येकी सहा नक्षत्रे येतात. शिर मात्र फेऱ्यात एकदाच लागते, म्हणून शिरोरज्जूत मृग, चित्रा आणि धनिष्ठा ही तीनच. पाठांतर नको असेल तर नक्षत्राच्या क्रमांकाला नऊने भागावे. बाकी ५ उरली तर शिर, ४ किंवा ६ उरली तर कंठ, ३ किंवा ७ उरली तर नाभी, २ किंवा ८ उरली तर मांडी, १ किंवा शून्य उरले तर पाय.

नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो यापुढे. गण एक असला की जुळणी चांगली धरतात, पण रज्जू एक असली की दोष धरतात. दोघांची रज्जू वेगळी हवी. परंपरेने सांगितलेली फळे कडक आहेत: दोघांचे शिर असेल तर पतीला मृत्युयोग, कंठ असेल तर पत्नीला, नाभी असेल तर संततीला धोका, मांडी असेल तर दारिद्र्य, पाय असेल तर कायमची वणवण. साहजिकच पाद आणि ऊरू या दोषांकडे काही ज्योतिषी थोडे सैलपणे पाहतात, शिर आणि कंठ यांच्याबाबत मात्र सहसा कोणी सवलत देत नाही. या फळांना अनुभवसिद्ध आधार नाही. सगळी नक्षत्रे सारखीच आढळतात असे धरले, तर ७२९ संभाव्य जोड्यांपैकी १५३ जोड्यांत रज्जू एकच येते. म्हणजे साधारण पाचातले एक स्थळ या एकाच कसोटीवर बाद होते.

एक उदाहरण घेऊ. मुलगी रोहिणी (क्रमांक ४), मुलगा हस्त (क्रमांक १३). नऊने भागल्यावर दोघांचीही बाकी ४ उरते, म्हणजे कंठरज्जू. आता हीच जोडी मराठी पद्धतीने पाहिली तर रोहिणीची नाडी अंत्य आणि हस्ताची आद्य, म्हणून नाडीचे आठही गुण मिळतात. पुण्यात नाडीवर पास झालेली ही जोडी चेन्नईत रज्जूवर अडेल. मुलाचे नक्षत्र हस्ताऐवजी आर्द्रा असते तर मतभेद झाला असता. रोहिणी चढत्या अंगाची (आरोहण) आणि आर्द्रा उतरत्या अंगाची (अवरोहण), म्हणून अंग एक असले तरी दोष नाही असे एक मत आहे. दुसऱ्या मताप्रमाणे अंग एक झाले की संपले. शिराला चढ-उतार नसल्याने तिथे ही पळवाटही नाही. शिवाय शिराची तिन्ही नक्षत्रे मध्य नाडीची आहेत. म्हणजे शिरोरज्जूची जोडी मराठी पद्धतीनेही एकनाडीत सापडतेच. केरळात ‘मध्यम रज्जू’ म्हणून जो दोष पाहतात तो पाच अंगांचा नसतो, तो मराठी मध्य नाडीच्याच नऊ नक्षत्रांचा असतो. त्यामुळे मलयाळी आणि तमिळ घरांत नुसते ‘रज्जू आहे’ म्हणून भागत नाही, कोणती ते विचारावे लागते.

प्रत्यक्षात चूक बहुधा जन्मनक्षत्रात होते. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, आणि तमिळनाडूत वाक्य व तिरुकणित या दोन पंचांगांत नक्षत्र संपण्याच्या वेळा वेगळ्या येतात. जन्म संधीजवळचा असेल तर एका पंचांगात रोहिणी आणि दुसऱ्यात मृग निघू शकते, आणि कंठाचे शिर होते. शेजारची नक्षत्रे बदलली की रज्जूही बदलते. अपवाद फक्त तीन संधींचा: आश्लेषा-मघा, ज्येष्ठा-मूळ आणि रेवती-अश्विनी. तिथे दोन्ही बाजूंना पायच असतो. म्हणून दोष निघाला की आधी दोन्ही पत्रिका एकाच पंचांगाने केल्या आहेत का ते तपासतात.